तुम्ही विचारलंत म्हणून: ३२ की ६४?

"मॅडम, A मध्ये तीन घटक आणि B मध्ये दोन, तर रिलेशन्स ६४ कसे काय? A चे उपसंच ८, B चे ४, आठ चोक बत्तीस व्हायला पाहिजेत ना?"

खानापुरात फर्स्ट पीयूसीची ट्यूशन घेते, तिथं हा प्रश्न दरवर्षी येतोच, आणि दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्या पोरांकडून जास्त, कारण त्यांच्या डोक्यात 'संबंध' म्हणजे काहीतरी खरं नातं असतं. तर घरातलंच उदाहरण घेऊया. A म्हणजे आजी, बाबा आणि चिकोडीकडची काकी. B म्हणजे मराठी आणि कन्नड. कोण कुठली भाषा बोलतं हा आपला संबंध.

फळ्यावर तीन ओळी आणि दोन रकाने आखा. सहा चौकोन झाले, एकेक चौकोन म्हणजे एकेक क्रमित जोडी, (आजी, मराठी), (आजी, कन्नड) असं करत सहाही. हाच A × B. आता जी जोडी खरी आहे तिथं टिक करायची. आमच्याकडं आजी फक्त मराठी बोलते, बाबा दोन्ही, काकी फक्त कन्नड, म्हणजे चार टिक. ह्या टिक केलेल्या चार जोड्यांचा संच हाच संबंध, बाकी काही नाही. म्हणून तो A × B चा उपसंच.

मोजायचं कसं? प्रत्येक चौकोनाला दोनच वाटा, टिक आहे किंवा नाही, आणि एका चौकोनाचा निर्णय दुसऱ्याला बांधत नाही. सहा चौकोन, म्हणून दोनाला दोनानं सहा वेळा गुणायचं, 2⁶ = ६४. पडताळा बघायचा तर ओळीनं मोजा: आजीला चार पर्याय (काहीच नाही, फक्त मराठी, फक्त कन्नड, दोन्ही), बाबांना चार, काकीला चार, ४ × ४ × ४ = ६४. रकान्यानं मोजलं तर मराठीला तीन माणसांतून ८ गट, कन्नडला ८, आठ आठे चौसष्टच. ह्या ६४ पैकी आमच्या घरात खरा एकच, पण बाकीचे ६३ पण संबंधच आहेत, एकही टिक नसलेला रिकामा सुद्धा. त्याच्यामागं नियम किंवा अर्थ असायलाच पाहिजे असं व्याख्येत कुठंच नाही, आणि पोरं रिकामा संच सोडून ६३ लिहितात ते ह्याच्यामुळंच.

आता तुमचे ३२. त्यात तुम्ही माणसांचा एक गट निवडता आणि भाषांचा एक गट निवडता, आणि मग काय, गटातल्या प्रत्येकाला गटातली प्रत्येक भाषा! आमचं घर त्यात बसवून बघा की. तिघंही कुठल्या तरी टिकमध्ये आहेत, दोन्ही भाषा पण आहेत, म्हणजे गट घ्यावे लागतील पूर्ण A आणि पूर्ण B, आणि मग आजीला कन्नड येतं असं लिहून बसतो आपण. कोण आहे आणि कुठल्या भाषा आहेत एवढं कळलं, पण कोणाची कुठली ते गेलं, आणि संबंध म्हणजे तेवढंच तर असतं.

बरं, ३२ वेगळे संबंध तरी मिळतात का, तर नाही. दोन्हीपैकी एक गट रिकामा घेतला की जोडी एकही बनत नाही, आणि अशा ११ निवडींचा शेवट त्याच एका रिकाम्या संचात होतो. रिकामे नसलेले गट माणसांचे ७, भाषांचे ३, त्यांचे २१ वेगळे संबंध, अधिक तो एक रिकामा, झाले २२. म्हणजे ६४ पैकी ४२ संबंध तुमच्या पद्धतीत येतच नाहीत, आमचं घर त्या ४२ मधलं आहे.

एक गोष्ट मला फार खटकते म्हणून सांगते. तुमच्या ३२ मध्ये दोनाच्या घातांकात घटकांची बेरीज येते, 3 + 2, आणि ६४ मध्ये गुणाकार, 3 × 2. सूत्र बरोबर आहे का बघायला पोरं हमखास दोन-दोन घटकांचे संच घेतात, आणि नेमकं तिथंच फसतात, कारण 2 × 2 पण चार आणि 2 + 2 पण चार, दोन्ही सूत्रांनी १६ च येतात आणि चुकीचं सूत्र पक्कं होऊन बसतं. त्यापेक्षा एक-एक घटक घ्या. फक्त आजी आणि फक्त मराठी. चौकोन एक, टिक आहे किंवा नाही, संबंध दोनच. बेरजेच्या सूत्रानं चार येतात. ते चार लिहून दाखवा म्हटलं की पोरगं तिसऱ्यापाशी पेन धरून थांबतंय.