माझा अनुभव: बारा विधानांच्या मापनीची वैधता आणि विश्वसनीयता कशी तपासली

संशोधन पद्धतीच्या असाइनमेंटसाठी मी घेतलेला विषय होता लातूर शहरातल्या कुटुंबांची पाणी जपून वापरण्याबद्दलची वृत्ती. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर, त्यामुळे विषय सुचायला वेळ लागत नाही. वृत्ती मोजायची कशी, हा खरा प्रश्न. मी बारा विधानं लिहिली आणि प्रत्येकापुढे 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशा पाच पायऱ्या ठेवल्या. बारा उत्तरांची बेरीज म्हणजे त्या व्यक्तीचा गुण. या बेरजेला काही अर्थ आहे की नाही, हे दाखवून देणं म्हणजेच वैधता आणि विश्वसनीयता तपासणं.

वैधता म्हणजे मला जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का. विश्वसनीयता म्हणजे जे काही मोजलं जातंय ते सातत्याने मोजलं जातंय का. पुष्कळ असाइनमेंटमध्ये थेट क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, काढून 'मापनी विश्वसनीय व वैध आहे' असं वाक्य ठोकलेलं असतं. अल्फा वैधतेबद्दल काहीच सांगत नाही. 'घरात टाकी आहे', 'घरात बोअर आहे', 'घरात वॉशिंग मशीन आहे' अशी विधानं एकत्र केली तरी अल्फा उत्तम येऊ शकतो, पण मोजली जाईल ती ऐपत. म्हणून सुरुवात आशय वैधतेपासून केली, म्हणजे विधानं विषयाला धरून आहेत का हे आधी पाहिलं.

आशय वैधतेसाठी विधानांचा कागद सहा जाणकारांकडे दिला: समाजशास्त्र आणि समाजकार्य शिकवणारे, पाणीपुरवठ्यात काम केलेले, आणि वस्तीपातळीवर महिला बचत गटांसोबत काम करणाऱ्या एक ताई. प्रत्येकाने प्रत्येक विधानाला 1 ते 4 गुण द्यायचे, 1 म्हणजे विषयाशी संबंध नाही आणि 4 म्हणजे पूर्ण संबंध. 3 किंवा 4 देणाऱ्यांची संख्या भागिले एकूण जाणकार, हा त्या विधानाचा आशय वैधता निर्देशांक. सहापैकी पाच जणांनी होकार दिला तर 0.83 येतो आणि विधान राहतं, चौघांनीच दिला तर 0.67 येतो आणि ते पुन्हा लिहावं लागतं किंवा काढावं लागतं. सहा किंवा जास्त जाणकार असतील तर साधारण 0.78 ही सीमा धरतात. पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचं एकमत लागतं, कारण इतक्या थोड्या लोकांत योगायोगाने जुळण्याची शक्यता मोठी असते. पाचच नावं हाताशी असली तर सहावं शोधावं. एका नावाने बराच जाच वाचतो.

कागदासोबत मापनीची व्याख्या द्यायला हवी: 'पाणी जपून वापरायला हवं असं कुटुंबातल्या व्यक्तीला किती वाटतं'. ती दिली नाही तर प्रत्येक जाणकार मनातल्या वेगळ्याच व्याख्येवर गुण देतो आणि आकडा पोकळ होतो. जाणकारांचे शेरे आकड्याइतकेच उपयोगाचे असतात. पहिल्या मसुद्यातल्या 'पाणी वाचवावे व त्याचा पुनर्वापर करावा' या विधानावर शेरा आला: दोन गोष्टी एकत्र आहेत, पहिली पटली आणि दुसरी नाही तर माणसाने कुठे खूण करायची? त्याची दोन स्वतंत्र विधानं झाली. वाचवण्याबद्दलचं दुसरं एक विधान आधीच होतं, ते काढल्यावर संख्या बाराच राहिली.

त्यानंतर भाषेची चाचणी. सात-आठ जणांना विधान वाचून दाखवायचं आणि 'तुमच्या शब्दांत सांगा, काय विचारलंय?' असं विचारायचं. 'अपव्यय' या शब्दावर माणसं थबकतात, 'पाणी वाया घालणं' म्हटलं की लगेच कळतं. आपल्याकडे प्यायचं पाणी आणि वापरायचं पाणी यांत लोक स्पष्ट फरक करतात. जार विकत घेणारं घर प्यायच्या पाण्याबद्दल एक उत्तर देतं आणि धुण्याभांड्याच्या पाण्याबद्दल दुसरं. विधानात नुसतं 'पाणी' लिहिलं तर दोन शेजारणी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. म्हणून सगळीकडे 'वापरायचं पाणी' लिहिलं. पाच पायऱ्या तोंडी सांगितल्या तर वयस्कर माणसं फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणतात, म्हणून दोन टप्प्यांत विचारलं: आधी पटतं की नाही पटतं, मग थोडं की पूर्ण. 'सांगता येत नाही' ही मधली पायरी त्यांनी स्वतःहून म्हटली तरच नोंदवायची.

बारापैकी तीन विधानं मुद्दाम उलटी ठेवली, म्हणजे सगळ्याला 'हो हो' म्हणणारा माणूस ओळखू येतो. उलटं विधान लिहिताना 'नाही' हा शब्द टाळावा. 'पाणी वाचवून फायदा होत नाही' याला 'असहमत' म्हणायला दोनदा नकार डोक्यात फिरवावा लागतो आणि खूण भलतीकडे पडते. त्याऐवजी 'नळ आल्याच्या दिवशी वापरायचं पाणी सढळ हाताने वापरावं' हे सरळ आहे.

आता अल्फा. पायलट म्हणून, म्हणजे छोट्या गटावर आधी तपासायला, 30 कुटुंबांकडून फॉर्म भरून घेतले. पण आधी सूत्र हाताने समजून घ्यावं, त्यासाठी पाच माणसं आणि चार विधानांचं गणित पुरतं. हे फक्त रीत कळण्यापुरतं, यावरून निष्कर्ष काढायचा नाही. चौथं विधान (ड) उलटं आहे.

```
      अ  ब  क  ड
1     5  5  4  2
2     4  4  4  1
3     3  4  3  3
4     2  2  3  4
5     1  2  1  5
```

प्रत्येक विधानाचं प्रचरण, म्हणजे उत्तरं सरासरीभोवती किती पसरली आहेत याचं माप, काढलं: 2.5, 1.8, 1.5 आणि 2.5, बेरीज 8.3. मग प्रत्येक माणसाची आडवी बेरीज केली: 16, 13, 13, 11, 9. या बेरजांचं प्रचरण 6.8. विधानं चार, म्हणून अल्फा = (4/3) × (1 − 8.3/6.8) = −0.29. अल्फा ऋण आला की घाबरायचं कारण नाही आणि मापनी फेकायचंही नाही. बहुतेक वेळा उलटं विधान उलटवायचं राहिलेलं असतं.

पाच पायऱ्यांच्या मापनीत उलटवणं म्हणजे 6 मधून गुण वजा करणं. ड होतो 4, 5, 3, 2, 1. त्याचं स्वतःचं प्रचरण तेच राहतं, 2.5. पण आडव्या बेरजा होतात 18, 17, 13, 9, 5 आणि त्यांचं प्रचरण 6.8 वरून 29.8 वर जातं. अल्फा = (4/3) × (1 − 8.3/29.8) = 0.96. सूत्राचं सगळं मर्म इथे दिसतं. विधानं एका दिशेला ओढत असतील तर जपून वापरणाऱ्याची बेरीज खूप वर आणि उधळ्याची खूप खाली जाते, बेरजा फाकतात. परस्परविरुद्ध ओढत असतील तर बेरजा मध्यावर गोळा होतात. एक्सेलमध्ये माणसांच्या ओळी 2 ते 6, विधानं B ते E आणि बेरीज F मध्ये असेल तर:

```
B7:  =VAR.S(B2:B6)      (F7 पर्यंत ओढा)
H2:  =(4/3)*(1-SUM(B7:E7)/F7)
```

30 फॉर्मसाठी jamovi हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर वापरलं, ते फुकट मिळतं. Factor मध्ये Reliability Analysis उघडायचं, उलटी विधानं Reverse Scaled Items मध्ये टाकायची आणि Item-rest correlation व Cronbach's α (if item is dropped) यांवर टिचकी मारायची. डेटात आधीच 6 मधून वजाबाकी केली असेल तर इथे पुन्हा उलटवू नये, नाहीतर विधान परत मूळ दिशेला जातं.

बाराही विधानं धरून अल्फा 0.68 आला. 0.70 ही रूढ सीमा, म्हणजे थोडक्यात हुकला. 'आमच्या घरात वापरायचं पाणी साठवायला पुरेशी जागा आहे' या विधानाचा उरलेल्या विधानांच्या बेरजेशी सहसंबंध −0.06 होता. ते काढल्यावर अल्फा 0.72 झाला. पण आकडा वाढतो एवढ्यासाठीच विधान काढायचं नसतं. कारण सांगता यायला हवं, आणि इथे ते आहे: साठवायला जागा असणं ही सोय आहे, वृत्ती नव्हे. जाणकारांच्या फेरीतून हे विधान 0.83 वर सुटलं होतं. सहमतीने निसटलेलं विधान लोकांच्या उत्तरांनी पकडलं, म्हणूनच दोन्ही तपासण्या लागतात.

दुसरं एक विधान वेगळ्या कारणाने निकामी होतं. 'वापरायचं पाणी वाया घालणं चूक आहे' याला जवळजवळ सगळ्यांनी 5 दिले. लातुरात याला नाही कोण म्हणेल? उत्तरांत फरकच नसेल तर ते विधान माणसामाणसांत भेद करू शकत नाही. ते मी 'धुण्याचं शेवटचं पाणी फरशी पुसायला वापरावं' असं बदललं. पण असा बदल केला की जुना 0.72 त्या नव्या मापनीचा राहत नाही, म्हणून बदललेला अकरा विधानांचा फॉर्म दुसऱ्या 30 कुटुंबांकडून भरून घेऊन अल्फा पुन्हा काढावा लागतो. उलट अल्फा 0.95 च्या वर जाऊ लागला तर तेच विधान शब्द फिरवून पुन्हा विचारलंय का, हे पाहावं. विधानं वाढवली की अल्फा आपोआप वाढतो, त्यामुळे चाळीस विधानांच्या 0.85 चं फार कौतुक नको.

पुनर्चाचणी, म्हणजे त्याच माणसांना दोनेक आठवड्यांनी तोच फॉर्म. फॉर्मवर नावाऐवजी क्रमांक घालावा, म्हणजे जोड्या जुळतात. या विषयात एक अडचण आहे: मधल्या काळात पाऊस पडला किंवा नळाचं वेळापत्रक बदललं तर वृत्तीच हलते. सगळ्यांचे गुण तीन-तीनने उतरले तरी सहसंबंध 1 च्या जवळच राहील, कारण क्रम बदलत नाही. म्हणून सहसंबंधासोबत दोन्ही वेळची सरासरीही द्यावी. सरासरी हलली असेल तर दोष मापनीचा की मोसमाचा, हे केवळ त्या आकड्यांवरून ठरत नाही. शक्य तर दोन्ही भेटी पाणीपुरवठा सारखा असलेल्या काळात कराव्यात.

रचना वैधतेसाठी, म्हणजे जिथे वृत्तीत फरक असायला हवा तिथे मापनी तो दाखवते का हे पाहायला, मुख्य सर्वेक्षणात एक तुलना ठेवली: स्वतःची बारमाही बोअर असलेली घरं आणि केवळ नळ-टँकरवरची घरं. दुसऱ्या गटाची सरासरी जास्त यावी, हा अंदाज डेटा पाहण्याआधी प्रकल्प आराखड्यात लिहून ठेवला, कारण नंतर लिहिलेला अंदाज नेहमीच खरा ठरतो. बोअर असलेली घरं सहसा जास्त कमाईचीही असतात, म्हणून उत्पन्नाचा प्रश्न फॉर्ममध्ये ठेवला आणि तुलना सारख्या उत्पन्नाच्या घरांत केली.

असाइनमेंटमध्ये हा भाग एका परिच्छेदात बसतो: जाणकार किती आणि कोणत्या क्षेत्रातले, काढलेलं आणि बदललेलं विधान कारणासह, पायलटमधली कुटुंबं किती, उलटी विधानं कोणती, सुरुवातीचा आणि अंतिम फॉर्मचा अल्फा, पुनर्चाचणीचं अंतर. परिशिष्टात दोन्ही फॉर्म जोडावेत, पहिला बारा विधानांचा आणि नंतरचा अकरांचा.