क्रिनोलिन ते बसल: घेराच्या आतला सांगाडा

व्हिक्टोरियन लंडनमध्ये घडणाऱ्या नाटकाची वेशभूषा माझ्याकडे आली. नायिका पहिल्या अंकात 1860 च्या सुमाराची, शेवटच्या अंकात 1885 ची. कापड खरेदीला जाण्याआधी मी आतले सांगाडे शिवायला घेतले, कारण या पोशाखांचा आकार आतलं पोलाद ठरवतं. मापंही कॉर्सेट घालूनच घेतली.

कड्यांच्या क्रिनोलिनचं, म्हणजे झग्याचा घेर फुगवणाऱ्या सांगाड्याचं, पेटंट 1856 मध्ये निघालं. त्याआधी बायका एकावर एक परकर चढवून घेर फुगवत. कड्यांमुळे ते ओझं उतरलं, पाय मोकळे झाले. रचना साधी आहे: कमरपट्ट्यावरून उभ्या फिती सोडायच्या आणि त्यांवर लवचीक पोलादी पट्टीची कडी बसवायची. माझं तळाचं कडं 280 सेंमी घेराचं होतं. सगळ्या फिती सारख्या लांबीच्या ठेवल्या तर नितंबांवर मागची कडी उचलली जातात आणि पुढची जमिनीकडे झुकतात. बाजूने पाहिलं की तिरकेपणा लगेच कळतो. मागच्या फिती वाढवल्या की कडी समपातळीत येतात. खालच्या कड्यांमध्ये मी कापड लावलं, नाहीतर चालताना पाऊल आत अडकतं. वरून एक परकर हवाच; त्याच्याशिवाय झग्यावर कड्यांच्या रेघा उमटतात.

1860 नंतर घेर हळूहळू मागे सरकला, पुढची बाजू सपाट झाली आणि त्यातूनच बसल, म्हणजे झग्याला फक्त पाठीमागे फुगवटा देणारा सांगाडा, आलं. मधे काही वर्षं ते मावळलं, पण 1883 च्या सुमारास परतलं ते कमरेखालून जवळजवळ आडवं बाहेर येणारं.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते याच बसलनं. जाड सुती कापडाच्या पट्ट्याला आडवे नेफे घालायचे, त्यांत पोलादी पट्ट्या ओवायच्या. नाडी न ओढता हे सगळं सपाट पडून असतं. आतल्या बाजूला दोन्ही कडांमध्ये नाडी ओवून ओढली की पट्ट्यांची टोकं जवळ येतात आणि पाठीमागे कमान उभी राहते. नाडी जितकी आवळाल तितका फुगवटा अरुंद आणि उंच. ताण सगळा नेफ्याच्या टोकांवर येतो, म्हणून तिथे दुहेरी कापड लावलं आणि पोलादाच्या टोकांना टोपणं बसवली.

झगा बेतण्याआधी बसलवर जाड पडद्याचं कापड चुण्या घालून लटकवलं, तर वरची कमान दबली. मागच्या चुण्यांचं वजन तिथेच येतं. वरच्या दोन नेफ्यांत दुहेरी पट्टी घातल्यावर ती टिकली. मगच स्कर्टची लांबी मोजली: फुगवट्यावरून जाणारी मागची बाजू पुढच्यापेक्षा 18 सेंमी जास्त भरली.

तालमीत नायिकेला खुर्चीच्या कडेवर, किंचित तिरकं बसायला सांगितलं. तसं बसलं की पट्ट्या एकमेकींवर मिटतात आणि उठताच पुन्हा उघडतात. पाठ टेकून बसलं तर मात्र त्या वाकड्या होतात.