तीन कडव्यांची गोष्ट आणि तिसऱ्यातला धक्का: एक गाणं लिहिताना

गोष्ट सांगणारं गाणं लिहायचं खूप दिवस डोक्यात होतं आणि विषयही ठरलेला होता, उजनी. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये झालं आणि आमच्या मावशीच्या सासरकडची बरीच मंडळी धरणग्रस्त, त्यामुळे लहानपणापासून पळसदेवच्या जुन्या देवळाबद्दल ऐकत आले, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते देऊळ वर येतं. मला गाणं असं हवं होतं की ऐकणाऱ्याला वाटावं कुणीतरी बऱ्याच वर्षांनी गावी चाललाय, आणि अगदी शेवटी कळावं की तो होडीत बसलाय आणि त्याचं घर खाली पाण्यात आहे.

सगळ्यात आधी ध्रुवपद पक्कं केलं, कारण अशा गाण्यात खरा धक्का कडव्यात नसतोच, तो ध्रुवपदात असतो. तेच शब्द चार वेळा येतात आणि चौथ्या वेळी त्यांचा अर्थ फिरला पाहिजे. बरंच खोडल्यावर हे ठरलं:

हळू घे रे दादा, हळू घे जरा
आलं माझं घर, आला उंबरा

ओळीत अकरा अक्षरं, सहावर थांबा आणि मग पाच. हे माप सगळ्या गाण्यात सांभाळलं. यातला 'दादा' फार कामाचा निघाला, कारण दादा रिक्षावाला असू शकतो, जीपवाला असू शकतो, नावाडीही असू शकतो. 'गाडी' म्हटलं असतं तर ते शेवटी खोटं ठरलं असतं, आणि ऐकणाऱ्याशी खोटं बोलून बसवलेला धक्का मला धक्का वाटतच नाही, ती फसवणूक वाटते. म्हणून स्वतःला एक नियम घालून घेतला, गाण्यातली प्रत्येक ओळ दोन्ही अर्थांनी खरी हवी.

पहिल्या कडव्यात वेळ जवळजवळ पुढे सरकतच नाही, फक्त जागा दिसते:

पाराशी उभी ती चिंच वाकडी
देवळाच्या मागे आमुची वाडी

अशा चार ओळी, पारापासून उंबऱ्यापर्यंत. इथे घाई करायची नाही, कारण चिंच आणि देऊळ या दोन गोष्टी तिसऱ्या कडव्यात परत लागणार आहेत आणि तोवर त्या ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर घट्ट बसायला हव्यात. मुळात कडव्यात शाळा होती, विहीर होती, गोठा होता, ते सगळं काढलं. सहा-सात गोष्टी मोजल्या की कुठलीच लक्षात राहत नाही आणि मग शेवटी देवळाचा उल्लेख आला तरी 'हां, ते मघाचं देऊळ' असं चटकन होत नाही.

खरा वेळ खाल्ला दुसऱ्या कडव्याने. गोष्टीच्या गाण्यात मधलं कडवं हमखास ढेपाळतं, पहिल्यात गाव सांगितलं की दुसऱ्यात अजून थोडं गाव सांगावंसं वाटतं, खेळ, सवंगडी, जत्रा, आणि गाणं तिथेच घुटमळत राहतं. कसं ओळखायचं तर दोन कडव्यांची अदलाबदल करून बघायची. काहीच बिघडलं नाही तर गोष्ट पुढे गेलेली नाही असं समजायचं. मी दुसऱ्या कडव्यात काळच बदलला, गाव सोडल्याची सकाळ घेतली:

गाडीत भरली भांडी नि कुंडी
आईनं लावली दाराला कडी

इथे ऐकणारा स्वतःच एक गोष्ट रचतो, की हे कुटुंब पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला गेलं असणार. मी तसं कुठेच म्हटलेलं नाही, फक्त का गेले ते सांगितलं नाही. मधल्या कडव्याचं काम माझ्या मते हेच, ऐकणाऱ्याला चुकीचं पण पटण्यासारखं कारण स्वतः शोधू द्यायचं, ते शोधण्यात तो गुंतला की पुढचं बघत नाही. ती कडीची ओळ मला सगळ्यात जवळची आहे, जे घर बुडणार हे ठाऊक आहे त्याच्या दाराला बाई कडी लावते.

तिसऱ्या कडव्यात प्रश्न होता की उलगडा नेमका कितव्या ओळीला करायचा. पहिल्याच ओळीला केला तर उरलेल्या तीन ओळी नुसतं स्पष्टीकरण देत बसतात. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला केला तरी ध्रुवपद येईपर्यंत ऐकणारा सावरतो. म्हणून चौथी ओळ, म्हणजे कळलं रे कळलं की लगेच तेच ओळखीचं ध्रुवपद अंगावर येतं. दुसरा प्रश्न, सांगायचं कसं. 'धरणाच्या पाण्यात गाव बुडालं' ही बातमी झाली, ती ऐकून माणूस फक्त हो म्हणतो. मला अशी वस्तू हवी होती की जिच्यावरून सगळं त्याचं त्यालाच कळेल. शेवटच्या दोन ओळी अशा झाल्या:

चिंचेची सावली शोधू मी कुठे
वल्ह्याला कळस लागला इथे

पाणी, धरण, होडी यातला एकही शब्द गाण्यात नाही. 'वल्हं' हा एकच शब्द सगळं फिरवतो, आणि तो ओळीत पहिला येतो त्यामुळे ओळ संपेपर्यंत ऐकणाऱ्याला आठ अक्षरांचा वेळ मिळतो, लगेच कळस येतो आणि 'इथे' येतं तेव्हा चित्र पूर्ण झालेलं असतं. त्याच्या आधीची सावलीची ओळ ही शेवटची खूण, की काहीतरी बिनसलंय.

मग चालीचं. चाल लावणारा मित्र आणि मी केरव्यात बसवलं, एका ओळीला दोन आवर्तनं. पहिल्या आणि दुसऱ्या कडव्यामधे बासरीचा नीट मोठा तुकडा ठेवला, पण दुसऱ्या आणि तिसऱ्यामधला निम्मा केला, कारण तिथे जास्त मोकळा वेळ दिला की लोक अंदाज बांधायला लागतात. कळसाच्या ओळीनंतर तबला पूर्ण बंद आणि एक आवर्तन काहीच नाही. दोन आवर्तनं करून पाहिली तर समोरच्यांना गाणं संपलं असं वाटून टाळ्या यायला लागल्या, एक बरोबर बसतं. मग ध्रुवपद ठेक्याशिवाय, नुसत्या तंबोऱ्यावर. त्यात एक अक्षर बदललेलं नाही. 'हळू घे' आता वेगळं ऐकू येतं, कारण खाली उंबरा आहे.

लिहून झाल्यावर दोन प्रकारच्या लोकांना ऐकवलं. पुण्यातल्या मैत्रिणींना चौथ्या ओळीपर्यंत पत्ता लागला नाही. मावशीच्या घरी मात्र भांडीकुंडी गाडीत भरली तिथेच मावसभाऊ म्हणाला, "अगं, हे आपलंच की!" आधी वाटलं ती ओळ अजून झाकावी. पण मावशीला विचारलं तर ती म्हणाली, कडी खरंच लावली होती सगळ्यांनी, ती ओळ राहू दे. आणि ते बरोबरच आहे, ज्यांनी गाव सोडलंय त्यांच्यापासून ते लपवता येणारच नाही, त्यांच्यासाठी गाण्याचा भार तिसऱ्या कडव्यावरून दुसऱ्यावर सरकतो. दुसऱ्यांदा ऐकणाऱ्या कुणाचंही तसंच होतं, धक्का माहीत असतो, मग पहिल्या कडव्यातलं 'उभी ती चिंच' हेसुद्धा टोचायला लागतं. म्हणून आता नवीन ओळ लिहिली की ती दोनदा वाचते, एकदा काही माहीत नसल्यासारखी आणि एकदा सगळं माहीत असल्यासारखी.

मित्राचा आग्रह होता की शेवटचं ध्रुवपद दोनदा घेऊ, लोक सोबत गातील. मी एकदाच ठेवलंय, आणि 'उंबरा'वर सम न गाठताच थांबायचं असं आमचं ठरलंय.