मधले पंचेचाळीस दिवस

"ताई, सप्लायरला तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि ठेकेदार अडीच महिन्यांनी देतो. मधल्या दिवसांसाठी कर्ज काढावं का?"

कोणत्या बिलासाठी, ते आधी सांगा. मी हे विचारलं की बरेचजण थांबतात आणि म्हणतात, "असं एका बिलाचं नाही, एकूणच ओढाताण आहे." एकूण ओढाताणीसाठी मी कर्ज काढायला सांगत नाही. पार्टी माहीत आहे, बिल माहीत आहे, पैसे साधारण केव्हा येणार तेही माहीत आहे, आणि त्या बिलातल्या नफ्यातून व्याज देऊनही काही उरतं, अशा वेळी मात्र जरूर काढा.

कराडला आमचं पाइप, फिटिंग आणि नळांचं दुकान आहे. काउंटर आमचे हे बघतात, हिशेब वीस वर्षं माझ्याकडे आहे. आमच्याकडचंच एक साधं बिल घेते. 2 लाखांचा माल आणला, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सप्लायरला द्यायचे 2,36,000. तोच माल ठेकेदाराला 2,20,000 ला दिला, कर धरून त्याचं बिल झालं 2,59,600. आपले सुटले 20,000. त्यातून हमाली, टेम्पो, दुकानाचं भाडं जायचंय, ते तूर्त बाजूला ठेवू.

सप्लायरची मुदत 30 दिवस आणि ठेकेदार देणार 75 व्या दिवशी. म्हणजे 2,36,000 रुपये 45 दिवस कुठून तरी आणायचे. बँकेच्या कॅश क्रेडिटवर 12 टक्के दर धरला तर 45 दिवसांचं व्याज साधारण 3,500 रुपये होतं. 20,000 मधून 3,500 गेले तरी धंदा झाला. एक गोष्ट मात्र धरून चाला. ठेकेदाराने दमडी दिलेली नसली तरी विक्रीवरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरावाच लागतो. खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं म्हणून या बिलात फरक फक्त 3,600 चा आहे. पण माल जुन्या साठ्यातला असेल आणि त्याचं क्रेडिट आधीच वापरून झालं असेल, तर अख्खे 39,600 खिशातून जातात आणि 75 व्या दिवशी परत येतात. कर्जाची रक्कम ठरवताना हे बरेचजण विसरतात.

आता याच बिलात सीडी घाला, म्हणजे कॅश डिस्काउंट. आमचा एक सप्लायर सात दिवसांत पैसे दिले तर करापूर्वीच्या रकमेवर 3 टक्के सोडतो. 2 लाखांवर 6,000. मग 30 व्या दिवसाची वाट न पाहता मी सातव्या दिवशीच 2,30,000 देऊन टाकते. कर्ज आता 45 ऐवजी 68 दिवस वापरावं लागतं, व्याज होतं साधारण 5,150. पण सुटले 6,000. कर्ज जास्त दिवसांचं झालं आणि तरीही व्याज फेडून 850 रुपये वर राहिले. बिनव्याजी उधारी मिळतेय म्हणून लोक 30 दिवस पुरेपूर वापरतात. पण 23 दिवसांच्या त्या उधारीसाठी आपण 6,000 रुपये सोडलेले असतात. ती फुकट नसते, आणि वर्षाच्या हिशेबाने बँकेपेक्षा कितीतरी महाग पडते. हाताशी कॅश क्रेडिट असेल तर त्याचा सगळ्यात चांगला उपयोग इथेच आहे, असं माझं ठाम मत आहे. सीडी 1 टक्का किंवा त्याहून कमी असेल तर मात्र आकडा मांडून बघा, तिथे फारसं काही हाती लागत नाही.

हे सगळं 75 व्या दिवशी पैसे येतील यावर उभं आहे, आणि खरी पारख तिथेच लागते. ठेकेदार म्हणतो, "बिल निघालं की देतो." बिल निघणं म्हणजे नेमकं काय, हे विचारायला शिकायला मला बरीच वर्षं लागली. सरकारी काम असेल तर आधी मोजमाप होतं आणि ते मोजमाप पुस्तकात, म्हणजे एम.बी.त चढतं. मग बिल तयार होतं, ते तपासलं जातं, मंजूर होतं, आणि त्यानंतर निधी असेल तर पैसे जमा होतात. म्हणून मी विचारते, "एम.बी. झाली का? बिल कोणत्या टेबलावर आहे?" एम.बी.च झाली नसेल तर त्याने सांगितलेली तारीख ही त्याची इच्छा आहे, तिच्यावर मी कर्ज काढत नाही. मंजूर होऊन निधीसाठी थांबलं असेल, तर आधीची बिलं किती दिवसांनी आली ते विचारते आणि त्यात महिनाभर वाढवून हिशेब करते.

वाढवून का, तर त्याच बिलाचे पैसे 75 ऐवजी 150 व्या दिवशी आले असं धरा. कर्ज 120 दिवस चाललं. बँकेच्या 12 टक्क्यांनी व्याज 9,300 होतं, नफा निम्मा गेला, पण माणूस उभा राहतो. हेच पैसे महिना 2 टक्क्यांनी बाहेरून उचलले असतील तर चार महिन्यांचे 18,880 होतात. 20,000 च्या नफ्यातून ते गेले म्हणजे चार महिने आपण त्या ठेकेदाराची हमालीच केली.

ही हमाली मी केलेली आहे. 2018 मध्ये एका बांधकामवाल्याला आम्ही माल द्यायचो. तो पैसे द्यायचा, पण बिलाप्रमाणे नाही. कधी 50,000, कधी एक लाख, नेहमी गोल आकडा. मी ते "खात्यावर जमा" म्हणून लिहीत गेले. पैसे येतायत, माल जातोय, पार्टी चालू आहे, असं वाटत होतं. दिवाळीनंतर एका रात्री बसून प्रत्येक जमा रक्कम सगळ्यात जुन्या बिलाला लावत गेले, तेव्हा दिसलं की मार्चच्या बिलांचे पैसेसुद्धा अजून पूर्ण आलेले नव्हते. तो मला जुने पैसे थोडे द्यायचा आणि नवा माल त्याहून जास्त उचलायचा. मध्यंतरी त्याची खरेदी अचानक वाढली होती, आणि त्याचा मला आनंदच झाला होता. नंतर कळलं की गावातल्या बाकीच्या दोन दुकानांनी त्याला उधारी बंद केली होती, म्हणून सगळी ऑर्डर आमच्याकडे वळली होती. तोवर त्याच्या नावावर 4 लाख 10 हजार होते, आणि ते भरून काढायला मी बाहेरून 3 लाख उचलले होते. ते कर्ज फेडायला सोनं मोडावं लागलं. अडकलेला पैसा आणि बुडत चाललेला पैसा वहीत सारखाच दिसतो, दोन्ही "येणं" म्हणूनच असतात. वेगळे दिसायला हवे असतील तर जमा बिलवार लावावी लागते. तेव्हापासून मी एकही रक्कम मोघम जमा करत नाही. पार्टीने गोल आकडा पाठवला तर फोन करून विचारते, कोणत्या बिलापोटी धरू?

कर्ज कुठून काढायचं, यावर थोडं सांगते. अशा कामाला कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट चांगला, कारण जेवढे दिवस जेवढी रक्कम वापरली तेवढंच व्याज लागतं. त्यातही एक खोच आहे. बँक आपल्या साठ्यावर आणि येण्यावर पैसे उचलण्याची मर्यादा ठरवते, आणि 90 दिवसांपेक्षा जुनं येणं सहसा त्यात धरत नाही. म्हणजे गिऱ्हाईक जास्त रखडलं की नेमकी तेव्हाच मर्यादा खाली येते. त्यामुळे मंजूर मर्यादेतला थोडा भाग मी कधीच वापरत नाही. रोज वसुली करणाऱ्याचं कर्ज या कामाला बिलकुल नको. 1 लाख म्हणायचे, हातात 90,000 ठेवायचे आणि 100 दिवस रोज 1,000 न्यायचे, याचा दर वर्षाला 75 टक्क्यांच्या वर जातो. शिवाय आपले पैसे 75 व्या दिवशी येणार आणि त्याचा हप्ता दुसऱ्याच दिवसापासून सुरू. ते हप्ते गल्ल्यातून जातात आणि मग दुसऱ्या सप्लायरचं देणं थकतं.

कर्ज मधल्या दिवसांपुरतंच आहे की खड्डा बुजवायला चाललंय, हे ओळखायचं असेल तर बँकेच्या खात्याचा वर्षभराचा उतारा काढा आणि प्रत्येक महिन्यातली सगळ्यात कमी उचल बघा. ती कधी 4 लाख, कधी 50 हजार, कधी शून्य अशी वरखाली होत असेल तर ठीक. बाराही महिने मर्यादेला चिकटून असेल तर उधारीतला तेवढा भाग कायमचा अडकलाय. तिथे आणखी कर्ज नको, उधारी कमी करा.

एका ठिकाणी मी थोडं महाग कर्जही काढते. आमचे पितळी नळ जामनगरच्या एका छोट्या कारखानदाराकडून येतात. त्याची उद्यम नोंदणी आहे. अशा सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. 2023 च्या वित्त कायद्यानंतर असं झालं की मुदत उलटून 31 मार्चला ते थकलेले असले तर ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात धरली जात नाही, पैसे देऊ त्या वर्षी धरली जाते. 3 लाख थकले तर न झालेल्या 3 लाखांच्या नफ्यावर त्या वर्षी कर भरायचा. 20 टक्क्यांच्या टप्प्यात असलात तरी ते 60,000 होतात. त्यापुढे महिन्याभराचं व्याज काहीच नाही, म्हणून मार्चमध्ये त्याचं खातं मी आधी साफ करते. इथे मला एक गोष्ट मनापासून खटकते. व्यापाऱ्यांनाही 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिरा पैसे देणाऱ्याकडून व्याज मागायचा जो हक्क त्या कारखानदाराला आहे, तो दुकानदाराला नाही. पुढच्याला वेळेत द्यायचं बंधन आपल्यावर आहे, आणि आपल्याला वेळेत द्यायचं बंधन कुणावरच नाही. म्हणून आमच्या प्रत्येक बिलावर मुदत आणि व्याजाचा दर छापलेला असतो, आणि माल उतरवताना त्यावर ठेकेदाराची सही घेते.

आणि कर्जाचा अर्ज भरण्याआधी सप्लायरला एक फोन करा. मुदत उलटल्यावर नव्हे, आठ दिवस आधी. मी सरळ सांगते, "2,36,000 पैकी 1 लाख ठरल्या दिवशी देते, उरलेल्याला वीस दिवस हवेत, ही चेकची तारीख." निम्म्याहून जास्त वेळा हो म्हणतात. मग 1,36,000 साठी कर्ज 45 ऐवजी 25 च दिवस वापरावं लागतं.