केबल गुंडाळताना नाव पुकारलं तर

«बक्षीस मिळेल असं स्वप्नातही नव्हतं आणि अचानक नाव पुकारलं तर माइकवर बोलायचं काय? आभार मानताना लोक हसले पाहिजेत, पण कोणी दुखावता कामा नये. हे कसं जमवायचं?»

आधी हात मोकळे करा. पुण्यातल्या कुठल्याही कार्यक्रमात शाल, श्रीफळ, गुच्छ आणि स्मृतिचिन्ह एकापाठोपाठ हातात येतात आणि चौथी वस्तू घेताना पहिली निसटते. नारळ आणि गुच्छ तिथल्याच टेबलावर ठेवा, शाल खांद्यावर राहत नसेल तर घडी करून हातावर घ्या. माइक तोंडापासून चार बोटांवर धरा. नवखी माणसं लाजून तो छातीशी धरतात, मग मागच्या रांगांना फक्त पुढच्यांचं हसू ऐकू येतं.

वेळ दीड मिनिट. रंगमंचावरून सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे दीडशे शब्दांचा ऐवज. त्यात चार माणसं बसतात. आयोजक, हॉल, ध्वनिक्षेपक, पत्रकार यांचे आभार तुम्ही मानू नका. ते काम कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन करणाऱ्याचं आहे आणि तो बिचारा यादी घेऊन विंगेत उभाच असतो.

आता अपेक्षा नव्हती, हे सांगायचं कसं? «मी या पुरस्काराला पात्र नाही» हे वाक्य विनयाचं वाटतं, पण समोर परीक्षक बसलेले असतात आणि त्यांची निवड चुकली असाच त्याचा अर्थ होतो. शिवाय त्यावर कोणी हसत नाही, फार तर दोन जण सौजन्याने «नाही नाही» म्हणतात. त्यापेक्षा नाव पुकारलं तेव्हा तुम्ही काय करत होतात ते सांगा. अपेक्षा नसलेला माणूस त्या क्षणी काहीतरी भलतंच करत असतो, तेवढं पुरतं.

समजा, एकांकिका स्पर्धेत प्रकाशयोजनेचं पहिलं बक्षीस एका मुलाला मिळालं. त्याने बोलावं ते साधारण असं:

«नमस्कार. माझं नाव पुकारलं तेव्हा मी मागे केबल गुंडाळत होतो, कारण भाड्याचं सामान अकराच्या आत परत द्यायचंय. हात काळे आहेत, म्हणून शाल अशी लांब धरलीये.

आमच्या दिग्दर्शिकेचे आभार. तिला पहाट हवी होती. मी पहिल्या तालमीला जी दिली, ती दुपारचे दोन वाजल्यासारखी होती. ती प्रत्येक वेळी नाही म्हणाली आणि प्रत्येक वेळी का नाही तेही सांगितलं.

आमच्या नायकाचे आभार. आज मी स्पॉट दोन फूट चुकवला. तो बोलत बोलत उजेडात आला आणि तुम्हाला वाटलं, तसंच बसवलंय.

आईचे आभार. तिची चंद्रकला तीन महिने आमच्या तालमीत विंग म्हणून टांगलेली होती. तिला ते कळलं संक्रांतीला.

आणि लाइटवाले काका. सहा चॅनलचा डिमर देताना एक बंद आहे, हे त्यांनी आधीच सांगितलं. परीक्षकांनी आमच्या प्रकाशयोजनेला संयत म्हटलं. काका, तो संयम तुमचा. केबल अजून राहिल्यात, येतो.»

यातलं प्रत्येक आभाराचं वाक्य एका कृतीवर उभं आहे. दिग्दर्शिकेने «मोलाचं मार्गदर्शन» केलं असं म्हटलं असतं तर ते कुठल्याही दिग्दर्शिकेला लागू पडलं असतं, आणि सभागृहाला काहीच दिसलं नसतं. पहाटेच्या जागी दुपार पडली म्हटलं की दिसतं. हसवायला वेगळा विनोद रचावा लागत नाही, नेमका तपशील सापडावा लागतो.

नायकाचं वाक्य मात्र पहिल्या झटक्यात असं सुचत नाही. लाइटवाल्या मुलाच्या तोंडी आधी येतं ते असं: «नायकाचे आभार, लाइट जिथे पाडलाय तिथे तो आज पहिल्यांदाच उभा राहिला.» हशा याला जास्त मिळेल, यात शंका नाही. पण नायकाच्या घरचे सातव्या रांगेत बसलेले असतात, आणि त्याला स्वतःला उत्तर द्यायला माइक नसतो. प्रसंग तोच ठेवून चूक आपल्याकडे घेतली की त्याच वाक्यातून त्याचं कौतुक होतं. जमलं की नाही हे तपासायची सोपी खूण आहे: ज्याचे आभार मानले तो हसताना शेजाऱ्याकडे बघतो की जमिनीकडे.

आईच्या वाक्यात «संक्रांतीला» हा शब्द शेवटी आलाय, तो मुद्दाम. काळी साडी कधी शोधली जाते हे सभागृहातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. हशा तिथेच फुटतो. त्यापुढे «आणि मग ती जाम चिडली» असं जोडलंत तर लोकांनी स्वतः पाहिलेलं चित्र तुम्ही त्यांना पुन्हा समजावून सांगताय. हशा आला की थांबा. तो ओसरायला लागला, पूर्ण विरला नाही, की पुढचं नाव घ्या. हशावरून बोलत सुटलं तर नेमकं पुढच्या माणसाचं नाव बुडतं, आणि तो माणूस ते विसरत नाही.

परीक्षकांबद्दलच्या ओळीत धोका होता. «परीक्षकांना काही कळलं नाही» इथवर ती सहज घसरली असती. इथे त्यांचं म्हणणं खरंच ठरतं, प्रकाश संयत होताच. फक्त त्यामागचं कारण बंद चॅनल निघालं. आणि श्रेय काकांना गेलं, ज्यांचं नाव अशा ठिकाणी एरवी कोणी घेत नाही.

हरलेल्यांविषयी बोलावं का? २०१९ च्या ऑस्करला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून बहुतेकांनी ग्लेन क्लोजचं नाव गृहीत धरलं होतं आणि जिंकली ऑलिव्हिया कोलमन. तिने समोर बसलेल्या क्लोजला सांगितलं की तुम्ही कितीतरी काळ माझा आदर्श आहात, हे असं व्हायला नको होतं. आवरतं घ्या अशी खूण झाली तेव्हा तिने चक्क तोंडाने फुर्रर्र केलं. दोन्ही चाललं, कारण दोन्ही तिच्या त्या क्षणीच्या अवस्थेला धरून होतं. आपल्याकडे मात्र «खरं बक्षीस त्यांचंच» हे ठरावीक वाक्य हरलेल्या संघाला टोचतं. त्यांच्या एकांकिकेतला एखादा प्रवेश खरोखर आवडला असेल तर तो नेमका सांगा, एका वाक्यात. नसेल आवडला तर विषयच काढू नका.

चिठ्ठी ठेवावी का, तर जरूर ठेवावी. अपेक्षा नसली तरी. तिच्यावर फक्त चार नावं आणि प्रत्येकापुढे एकेक शब्द: पहाट, स्पॉट, चंद्रकला, डिमर. पूर्ण वाक्यं लिहिलीत तर नजर कागदावरच राहते आणि वाचून दाखवलेल्या विनोदावर लोक अर्धा सेकंद उशिरा हसतात.

इतकं करूनही कोणीतरी राहतंच, बहुधा मेकअपवाली नाहीतर संगीत वाजवणारा. आठवलं म्हणून परत माइककडे धावू नका. तोवर सूत्रसंचालकाने पुढचं नाव पुकारलेलं असतं. खाली उतरल्यावर त्या माणसाला गाठा आणि जे वर सांगणार होतात ते त्याच्या सोबत्यांच्या देखत सांगा. आणि त्याच रात्री. दुसऱ्या दिवशीच्या ग्रुपवरच्या मेसेजने भागत नाही.