बाटलीतले बिस्किटाचे कण

नागपुरात थंडी पडली की पहिलीच्या वर्गात नाकं वाहायला लागतात. आज मुलांना एक प्रयोग दाखवला. एकाला बिस्किट खायला दिलं आणि पारदर्शक बाटलीला तोंड लावून पाणी प्यायला सांगितलं. मग बाटली खिडकीपाशी उजेडात धरली. पाण्यात बिस्किटाचे बारीक कण तरंगत होते. "मॅडम, हे त्याच्या तोंडातलं आहे?" अख्खा वर्ग पुढे सरकला. पिताना थोडं पाणी तोंडातून परत बाटलीत जातं, हे आता त्यांना सांगावं लागलं नाही.

"सर्दी झालेल्याची बाटली घेऊ नका" एवढं सांगून भागत नाही, कारण सर्दी दिसायच्या एखादा दिवस आधीही ती दुसऱ्याला लागू शकते. म्हणून दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावायचं नाही, हा नियम रोजचाच. पण तहानलेल्या मित्राला नाही म्हणायचं, हे मला पटत नाही. त्याच्या ओंजळीत किंवा पेल्यात वरून पाणी ओतायचं, बाटलीचं तोंड कुठे टेकवायचं नाही. डब्यातली भाजी द्यायची तर खायला सुरुवात करायच्या आधी, स्वच्छ चमच्याने, मित्राच्या झाकणावर.

रुमाल मात्र कोणालाच द्यायचा नाही. शेंबूड पुसलेल्या ओल्या रुमालातून विषाणू हाताला लागतात आणि तोच हात नाकाडोळ्यांना जातो. शिंकांमधून सर्दी पसरणारच, ती याने थांबणार नाही. पालकांनो, दप्तरात रोज एक धुतलेला रुमाल जास्तीचा द्या.