रिचार्ज आत्याचा, टीव्ही सुनेचा

बडोद्यातल्या आमच्या आत्याच्या घरी मोबाइलचा रिचार्ज हा एकट्या माणसाचा कारभार नाही. नंबर आत्याचा, पैसे भरणार पुण्यातला मुलगा, टीव्ही बैठकीच्या खोलीत सगळ्यांचा, आणि त्या टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन सुनेच्या ईमेलचं. इतके दिवस या सरमिसळीनं कुणाचंच काही अडलं नव्हतं. मग मुलानं जरा महागातला रिचार्ज मारला, त्यासोबत मालिका-सिनेमांच्या अ‍ॅपचा प्लॅन फुकट. रात्री जेवणं आटोपून आत्यानं टीव्ही लावला, तर पडद्यावर ‘सबस्क्राइब करा’.

“पैसे कापले गेले ना रे? मग हा परत कसले मागतोय?”

प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी ती रावपुऱ्यातल्या रिचार्जवाल्याकडे गेली. त्यानं फोन पाहून सांगितलं, “रिचार्ज तो थई गयुं छे, माजी.” मोबाइल कंपनीच्या हेल्पलाइननं सांगितलं, आमच्याकडून लाभ दिलेला आहे. अ‍ॅपवाल्यांनी सांगितलं, या खात्यावर कुठलाही प्लॅन नाही. आत्याच्या मते यातलं कुणीतरी खोटं बोलत होतं. मला मात्र तिघंही खरंच बोलत होते असं वाटतं, आणि राग येण्यासारखं खरं तेच आहे.

मोबाइल कंपनी ओळखते फक्त नंबर. अ‍ॅपवाला ओळखतो खातं, मग ते ईमेलवर काढलेलं असो की नंबरावर. रिचार्ज झाला की कंपनी त्या नंबराच्या नावानं एक हक्क लिहून ठेवते. तो हक्क आपल्या पायानं चालत खात्यात जात नाही, एकदा कुणीतरी जोडून द्यावा लागतो. लग्नाचं आमंत्रण काकांच्या नावानं यावं आणि पंगतीत मामा जाऊन बसावेत, तशातली गत. सुनेच्या ईमेलच्या खात्याला आत्याचा नंबर कुठून माहीत असणार?

आता हे ओळखायचं कसं? दोन जागा पाहायच्या. मोबाइल कंपनीच्या अ‍ॅपमध्ये, चालू प्लॅनखाली, सोबतचे लाभ दिसतात. तिथे ‘क्लेम’ किंवा ‘अ‍ॅक्टिव्हेट’चं बटण अजून तसंच असेल, तर हक्क पडून आहे. बटण गेलेलं असेल, तर तो कुठल्यातरी खात्याला जोडला गेलाय, फक्त ते खातं कुठलं ते शोधायचं. दुसरी जागा म्हणजे टीव्हीवरच्या अ‍ॅपमधलं खात्याचं पान. तिथे कुठला नंबर किंवा ईमेल आहे ते वाचायचं.

आत्याच्या फोनवर ते बटण गेलेलं होतं. रिचार्जनंतर आलेल्या मेसेजमधल्या लिंकवर तिनं बोट ठेवलं होतं, आलेला ओटीपी टाकला होता आणि फोन उशाशी ठेवून झोपली होती. त्या ओटीपीनं तिच्या नंबरावर एक कोरं करकरीत खातं उघडलं आणि प्लॅन त्यात जाऊन बसला. म्हणजे घरात दोन खाती झाली. एकात प्लॅन आहे पण काहीच पाहिलेलं नाही. दुसऱ्यात सुनेनं अर्ध्यावर सोडलेल्या सगळ्या मालिका आहेत, पण प्लॅन नाही. यात आत्याची काय चूक? लिंक दाबा असं मेसेजच सांगत होता. ‘आधी पाहा, कुठल्या खात्यात आहात’ एवढं एक वाक्य त्यात घालायला कुणाचं काय गेलं असतं, कोण जाणे.

क्लेम अजून झालेला नसता, तर काम सोपं होतं. आत्याच्या फोनवर आधी सुनेच्या खात्यात लॉगिन करायचं, खात्याच्या पानावर आत्याचा नंबर जोडायचा, ओटीपीनं पक्का करायचा आणि मगच क्लेम दाबायचा. तेही कंपनीच्या अ‍ॅपमधूनच. मेसेजमधल्या लिंका खऱ्या-खोट्या सारख्याच दिसतात. एकदा एका खात्याला चिकटलेला प्लॅन दुसरीकडे हलवणं मात्र सहसा आपल्या हातात नसतं. म्हणून आम्ही टीव्हीवरून सुनेचं खातं लॉगआउट केलं आणि आत्याच्या नंबरानं आत गेलो. ओटीपी आत्याच्या फोनवर, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, त्यामुळे एक ओटीपी वाया गेला.

प्लॅन सुरू झाला. नशिबानं तो टीव्हीवर चालणारा निघाला, कारण असे कितीतरी प्लॅन फक्त मोबाइलपुरते असतात आणि जोडणी बिनचूक असूनही टीव्ही नकारच देतो. सूनबाईंनी मालिकेचा कितवा भाग चालू होता ते आठवून पुन्हा लावलं, थोडी कुरकुर करत.

सुनेच्या खात्यावरचा जुना प्लॅन आधीच संपलेला होता, हे बरं. तो ऑटोपेवर चालू असता, तर या खात्यात फुकट आणि त्या खात्यात पैसे कापणं, दोन्ही बिनबोभाट सुरू राहिलं असतं.

मुलाला मुदत संपायच्या आधीच रिचार्ज मारायची सवय आहे. तसा मारलेला रिचार्ज बहुधा रांगेत थांबतो, आणि त्याच्यासोबतचा लाभही त्याची पाळी आल्यावरच मिळतो. ते आत्याला आत्ताच सांगून ठेवलंय, नाहीतर ती परत रावपुऱ्यात जाईल.